निकालाच्या दिवशी साइट का पडते? वॅफविषयीचे चार गैरसमज

१६ जुलै २०२१ रोजी दुपारी एक वाजता दहावीचा ऑनलाइन निकाल लागला आणि मंडळाची संकेतस्थळे कित्येक तास उघडेनात. राज्यातले १५ लाखांहून अधिक विद्यार्थी खोळंबले. अमरावती विभागीय मंडळात येणारी बुलढाणा जिल्ह्यातली मुलेही त्यांत होती. अशा पोर्टलपुढे वेब ॲप्लिकेशन फायरवॉल, म्हणजे 'वॅफ', आणि मारा थोपवणारी सेवा ठेवतात. ती काय करते आणि काय करत नाही, हे निकालाच्याच उदाहरणावरून पाहू.

गैरसमज १ : साइट पडली म्हणजे हल्लाच झाला.

वस्तुस्थिती : खरी गर्दीसुद्धा साइट पाडते. फरक नोंदवहीत, म्हणजे सर्व्हरच्या लॉगमध्ये दिसतो. खरा विद्यार्थी आधी पान उघडतो. त्याच्यासोबत चित्रे आणि स्टाइलच्या फायली मागवल्या जातात, आणि काही सेकंदांनी बैठक क्रमांक येतो. हल्ल्याचा प्रोग्रॅम बहुधा चित्रांच्या वाटेला जात नाही. तो सर्वांत जड पत्त्यावर, उदाहरणार्थ निकाल शोधण्याच्या पत्त्यावर, सारख्याच घाटाच्या विनंत्या ओततो. गर्दीवर उपाय वॅफचा नाही. निकाल एकदा लागला की बदलत नाही. तो आधीच तयार करून कॅशमधून दिला, तर डेटाबेसपर्यंत जावेच लागत नाही.

गैरसमज २ : क्लाउडवर साइट ठेवली की संरक्षण आपोआप मिळते.

वस्तुस्थिती : अर्धेच मिळते. ॲमेझॉनची 'शिल्ड स्टँडर्ड' सेवा ग्राहकांना मोफत असते, पण ती मुख्यतः नेटवर्कच्या थरावरचा मारा अडवते : अर्धवट जोडण्यांचा पूर किंवा भलत्याच सर्व्हरवरून उसळवलेली पाकिटे. निकालाच्या पानावर रीतसर जोडणी करून आलेल्या हजारो विनंत्या त्या थरावर निर्दोष दिसतात. त्यांची मोजणी वॅफमध्ये नियम लिहून आपल्यालाच करावी लागते.

गैरसमज ३ : एका आयपी पत्त्यावर मर्यादा घातली की काम झाले.

वस्तुस्थिती : आयपी म्हणजे माणूस नव्हे. २०२१ मध्ये कोविनच्या सार्वजनिक एपीआयवर एका आयपीला पाच मिनिटांत १०० विनंत्यांची मर्यादा होती. समजा, तीच निकालाच्या साऱ्या साइटला लावली. मेहकरच्या एखाद्या शाळेत एकाच इंटरनेट जोडणीवर ४० मुले निकाल पाहत आहेत, आणि एक निकाल उघडताना पान, चित्रे, फायली मिळून १२ विनंत्या जातात. एकूण झाल्या ४८०. नवव्या मुलाचा निकाल उघडेपर्यंत मर्यादा ओलांडली जाते, आणि सगळी शाळा अडते. मोबाइल कंपन्याही असंख्य ग्राहकांना एकाच सार्वजनिक आयपीमागे ठेवतात, तेव्हा फटका गावभर बसू शकतो.

म्हणून मर्यादा साऱ्या साइटला न लावता फक्त निकाल शोधण्याच्या विनंतीला लावावी. मग त्याच शाळेच्या मोजणीत ४०च विनंत्या येतात. नियम आधी `Count` स्थितीत चालवावा : तो कुणाला अडवत नाही, कोण अडले असते एवढेच नोंदवतो. त्यात शाळा आणि मोबाइल कंपन्यांचे पत्ते दिसले, तर मर्यादा वाढवावी किंवा थेट नकाराऐवजी ब्राउझरची पडताळणी ठेवावी.

गैरसमज ४ : वॅफ पुढे आहे, म्हणजे मागचा सर्व्हर सुरक्षित आहे.

वस्तुस्थिती : मूळ सर्व्हर जगाला थेट उत्तर देत असेल, तर वॅफला वळसा घालता येतो. जुना आयपी पत्ता डीएनएसच्या जुन्या नोंदींत सापडतो. आपल्याच साइटवर तपासणी अशी करावी (नाव आणि पत्ता नमुन्याचे आहेत) :

```
curl -I --resolve nikal.example:443:203.0.113.10 https://nikal.example/
```

यात वॅफ टाळून थेट सर्व्हरला विचारले जाते. `200` उत्तर आले, तर मागचे दार उघडे आहे. जोडणीच झाली नाही, तर ते बंद आहे. दार बंद करण्यासाठी सर्व्हरच्या फायरवॉलमध्ये फक्त पुढच्या सेवेच्या पत्त्यांना वाट द्यावी. तेवढ्याने भागत नाही, कारण त्याच सेवेत दुसरा कुणीही खाते उघडून आपल्या सर्व्हरकडे बोट दाखवू शकतो. म्हणून पुढच्या सेवेने प्रत्येक विनंतीला एक गुप्त हेडर जोडावा आणि तो नसलेली विनंती सर्व्हरने नाकारावी.

सॉफ्टवेअरमधली चूकही वॅफ मिटवत नाही. बैठक क्रमांक थेट डेटाबेसच्या प्रश्नात चिकटवला असेल, तर वॅफ ओळखीचे घातक नमुने अडवील. नवा नमुना निसटेल. दुरुस्ती कोडमध्येच करावी लागते.

सार्वजनिक पोर्टल सांभाळणाऱ्यांनी ही चारही कामे निकालाच्या आधी करावीत : कॅश, मोजणीचा नियम, `Count`मधली चाचणी आणि मागच्या दाराची तपासणी. गर्दी सुरू झाल्यावर नियम बदलायला घेतले, तर अडतात ते विद्यार्थीच.