गोवर ओसरल्यावर मूल वारंवार आजारी का पडतं?

जव्हार-मोखाड्यातली बरीच कुटुंबं दिवाळीनंतर वसई-भिवंडीकडे वीटभट्ट्यांवर जातात. नवव्या महिन्यानंतरचा गोवर-रुबेला लसीचा पहिला डोस बाळाला पाड्यावर मिळालेला असतो, पण १६ ते २४ महिन्यांमधला दुसरा डोस या स्थलांतरात राहून जातो. २०२२ च्या अखेरीस गोवराची साथ पसरली होती ती मुंबई-भिवंडीतच.

समजा, भट्टीवरून परतलेल्या दोन वर्षांच्या मुलीला ताप, खोकला, लाल डोळे आणि मग कानामागून सुरू झालेलं पुरळ आहे. पाच-सहा दिवसांत पुरळ काळपट होऊन ओसरतं आणि घरच्यांना वाटतं, आजार गेला. पण गोवराने दगावणारी बहुतेक मुलं पुरळामुळे नव्हे, तर पाठोपाठ येणाऱ्या न्यूमोनियाने किंवा जुलाबाने दगावतात.

याचं कारण असं. आधी झालेले आजार लक्षात ठेवणाऱ्या काही पेशी आपल्या रक्तात असतात. गोवराचा विषाणू नेमका त्यांच्यातच शिरतो आणि त्यांना मारतो. नेदरलँड्समधल्या लस न घेतलेल्या ७७ मुलांचं रक्त गोवराच्या आधी आणि नंतर तपासलं, तेव्हा इतर जंतूंविरुद्धची ११ ते ७३ टक्के प्रतिपिंडं नाहीशी झालेली आढळली (२०१९). गोवराची आठवण पक्की राहते, बाकीची पुसली जाते. ती भरून यायला दोन-तीन वर्षं लागू शकतात. लसीतला विषाणू दुबळा केलेला असतो, त्यामुळे लसीने असं होत नाही.

आता 'अ' जीवनसत्त्व. डोळ्याचं बुबुळ, श्वासनलिका आणि आतडी यांचं अस्तर त्यावर टिकून असतं. गोवरात रक्तातली त्याची पातळी घसरते. कुपोषित मुलाकडे साठा मुळातच कमी, म्हणून बुबुळावर फूल पडून दृष्टी जाण्याची भीती जास्त. केप टाउनमध्ये गोवराने दाखल झालेल्या १८९ मुलांवरच्या अभ्यासात (१९९०) हे औषध मिळालेल्या ९२ पैकी दोघं दगावली, न मिळालेल्या ९७ पैकी दहा.

आपल्या उदाहरणातल्या मुलीला २ लाख युनिट आज आणि तेवढंच उद्या द्यायचं. सहा महिन्यांपासून वर्षापर्यंतच्या बाळाला १ लाख, त्याहून लहानाला ५० हजार. डोळ्यांत दोष दिसला, तर काही आठवड्यांनी तिसरा डोस. दुसऱ्या दिवशी मूल बरं दिसलं की पालक येत नाहीत, आणि तोच डोस चुकतो. हे औषध विषाणू मारत नाही, पुसलेली आठवणही परत आणत नाही. लसीऐवजीही ते चालत नाही. जास्त झालं तर बाधतं, म्हणून घरच्या घरी देऊ नये.

पुरळ गेल्यावरही या मुलीचे श्वास मोजावेत. शांत असताना मिनिटाला ४० किंवा जास्त श्वास, छाती आत ओढली जाणं, बुबुळावर पांढुरका डाग, पाणीही न पिणं, यांपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी मोखाड्याचं ग्रामीण रुग्णालय किंवा जव्हारचं कुटीर रुग्णालय गाठावं. पुढच्या वर्षभरात ताप आला तरी डॉक्टरांना आधी सांगावं, "हिला गोवर होऊन गेलाय."