शून्यानं सुरू होणारे नंबर

शनिवारी संध्याकाळी एका पतसंस्थेच्या व्यवस्थापकांचा फोन आला. आवाज चढलेला होता. "साहेब, आमच्या सभासदांना मेसेज कुणी पाठवले? ज्यांची कर्जं चार वर्षांपूर्वी फिटली, त्यांना 'हप्ता थकला आहे' म्हणून कळवलंय. एकजण तर दाखला घेऊन घरी येऊन बसलाय." त्या पतसंस्थेचं सॉफ्टवेअर आम्ही बनवत होतो. मेसेज आमच्याच ऑफिसातून गेले होते, आणि पाठवणाऱ्या मुलीला ते गेल्याचा पत्ताही नव्हता.

ती टेस्टर होती. थकबाकीच्या मेसेजचा नवीन भाग नीट चालतो का, हे पाहण्यासाठी तिनं चाचणीच्या यंत्रणेतली तारीख पुढं ढकलली आणि बटण दाबलं. चाचणीचा डेटाबेस म्हणजे पतसंस्थेच्या चालू डेटाबेसची हुबेहूब प्रत. त्यात सभासदांचे खरे मोबाइल नंबर तर होतेच, शिवाय सेटिंग्जच्या टेबलात एसएमएस कंपनीचं खरं खातं आणि त्याची किल्लीही होती. डेटाबेसबरोबर तीही आपोआप आमच्याकडे आली होती. मेसेजचा मजकूर पतसंस्थेच्या नावानं आधीच मंजूर झालेला, त्यामुळे वाटेत कुणी अडवलंही नाही.

मग टेस्टरला खरा डेटा द्यायचाच कशाला, असं कुणीही विचारेल. कारण मनानं बनवलेले सभासद फार शहाणे असतात. त्यांचं नाव, पत्ता, मोबाइल सगळं जागच्या जागी असतं. खऱ्या डेटात एकाच घरातले पाच सभासद एका मोबाइलवर असतात, कुणाचा नंबर नऊच आकडी असतो, कुणाच्या पुढे +91, कुणाच्या पुढे नुसतं शून्य, आणि ईमेलच्या रकान्यात 'नाही' असं लिहिलेलं असतं. सॉफ्टवेअर कोसळतं ते अशाच ठिकाणी. तेव्हा डेटाचा हा वेडेवाकडेपणा टेस्टरला मिळायला हवा, पण त्यातला एकही नंबर कुणाच्या खिशातल्या फोनचा असता कामा नये. मास्किंग म्हणतात ते हे काम.

पहिला विचार सगळ्यांनाच सुचतो: मधले आकडे पुसून फुल्या टाकायच्या. स्क्रीनवर दाखवायला ते ठीक आहे. पण प्रतीत सगळेच नंबर फुल्यांचे झाले, की कोणते दोन सभासद एकाच नंबरवर आहेत हे कळत नाही, आणि जिथं नंबर वेगळाच असायला हवा असा नियम आहे तिथं डेटाबेस ते घ्यायलाच नकार देतो.

दुसरा विचार: दहा आकडे वाटेल तसे टाकायचे. हा जास्त धोक्याचा. भारतातले मोबाइल नंबर 6, 7, 8 किंवा 9 नं सुरू होतात आणि त्यातले कितीतरी वापरात आहेत. मनानं टाकलेला नंबर सहज कुणाचा तरी निघू शकतो. (या लेखात नमुन्याला एकही मोबाइल नंबर छापलेला नाही, त्याचं कारणही हेच.) म्हणजे आपल्या सभासदाला वाचवून एका परक्या माणसाला थकबाकीदार करायचं. पाचनं सुरुवात केली तर? मोबाइल नाही, पण लखनौचा एसटीडी कोड 0522 आहे आणि कानपूरचा 0512. मेसेज जाणार नाही, पण यंत्रणा आवाजी कॉल करत असेल तर तिथली घंटा वाजू शकते. ईमेलचंही तसंच. घाईत test@test.com लिहिणाऱ्यांच्या हे ध्यानात नसतं, की test.com हे रीतसर नोंदवलेलं नाव आहे.

तिसरा विचार जरा शिकलेल्यांचा: हॅश. म्हणजे नंबर एका ठरलेल्या गणितातून काढायचा, की त्याची जागा एक लांबलचक, अगम्य अक्षरमाळ घेते. एका नंबरची माळ दर वेळी तीच, आणि उलटं गणित करून माळेवरून नंबर काढता येत नाही. हे खरंच आहे. पण उलटं जायची गरजच नसते. मोबाइल नंबर शक्य आहेत ते जास्तीत जास्त 400 कोटी. हा आकडा माणसाला मोठा, संगणकाला किरकोळ. सगळ्यांच्या माळा करून ठेवायच्या आणि जुळवायच्या, की झालं. न्यूयॉर्कमध्ये हे घडून गेलं आहे. तिथल्या टॅक्सींच्या 2013 सालच्या 17 कोटींहून जास्त फेऱ्यांची नोंद 2014 मध्ये लोकांसाठी खुली झाली. टॅक्सीचा आणि चालकाचा परवाना क्रमांक एमडी5 या पद्धतीनं हॅश केलेला होता. परवाना क्रमांकांची धाटणी ठरलेली, म्हणून शक्य क्रमांक थोडेच. एका प्रोग्रॅमरनं ते सगळे करून पाहिले आणि काही तासांत मूळ क्रमांक बाहेर आले. हॅशमध्ये गुप्त किल्ली मिसळली तर हा मार्ग बंद होतो, पण मग ती किल्ली जन्मभर सांभाळायची.

आम्ही अखेर पत्करला तो मार्ग त्याहून साधा. प्रत्येक खऱ्या नंबराला एक अनुक्रमांक द्यायचा, त्याच्यापुढे शून्यं भरून दहा आकडे करायचे, आणि कोणाला कोणता दिला हे टिपलेलं कोष्टक शेवटी नष्ट करायचं. देशातला कुठलाच दहा आकडी नंबर शून्यानं सुरू होत नाही, त्यामुळे 0000000417 हा कुणाचाच नव्हे. शिवाय नुसत्या नजरेला कळतं की हा मास्क केलेला आहे. पोस्टग्रेसमध्ये कोष्टक असं बनतं:

```sql
CREATE TABLE mob_map AS
SELECT mob,
       lpad((row_number() OVER (ORDER BY random()))::text,
            10, '0') AS nava
FROM (SELECT right(regexp_replace(mobile,'\D','','g'),10) AS mob
      FROM sabhasad
      UNION
      SELECT right(regexp_replace(mobile,'\D','','g'),10)
      FROM sms_log) t
WHERE length(mob) = 10;
```

यात तीन गोष्टी पाहण्यासारख्या आहेत. regexp_replace आकड्यांशिवायचं सगळं काढून टाकतं आणि right शेवटचे दहा आकडे घेतं. त्यामुळे +91 लावलेला, शून्य लावलेला आणि साधा, हे तिन्ही एकच नंबर धरले जातात. UNION मुळे सभासदांच्या टेबलातले आणि मेसेजच्या नोंदीतले नंबर एकत्र येऊन प्रत्येक एकदाच उरतो. म्हणून एखादा नंबर दोन्हीकडे असेल तर दोन्हीकडे तोच बदली नंबर जातो आणि 'या सभासदाला गेलेले मेसेज' ही यादी पुन्हा जुळते. तिसरं, random(). अनुक्रमांक मूळ नंबरांच्या चढत्या क्रमानं दिले असते, तर ज्याला स्वतःचा नंबर ठाऊक आहे त्याला शेजारच्यांचा अंदाज बांधता आला असता.

बदली करताना मूळच्या नंबरापुढे +91 असेल तर नव्यापुढेही तो ठेवायचा. रिकामा रकाना रिकामाच ठेवायचा. नऊ आकडी चुकलेले नंबर कोष्टकात येत नाहीत. 'ते चुकलेलेच आहेत, राहू देत' असं म्हणणारे भेटतात, पण एकच आकडा गळला असेल तर शंभराच्या आत प्रयत्नांत खरा नंबर सापडतो. त्यांनाही नऊ आकडी बदली द्यायची.

ईमेलला हेच कोष्टक, फक्त जुळवण्याआधी सगळी अक्षरं लहान लिपीत आणायची. नवा पत्ता u417@example.com असा. example.com हे नाव 1999 च्या आरएफसी 2606 या इंटरनेटच्या नियमपत्रात नमुन्यासाठी राखून ठेवलेलं आहे, ते कुणाला विकत मिळत नाही.

एवढं झाल्यावर आम्ही हात झटकले. मग कुणीतरी 'शेरा' नावाचा रकाना उघडला. 'मुलाचा नंबर लावावा', 'जामीनदार फोन उचलत नाही, त्याच्या भावाचा हा', असं लिहून पुढे नंबर. पैकी मधे जागा सोडून लिहिलेले नंबर पकडायला शोधाचा नमुना थोडा बदलावा लागला. पण काही तरीही सुटत राहिले, आणि नजरेला तर ते स्पष्ट दिसत होते. अर्ध्या तासानं उलगडा झाला. शाखेतले क्लार्क मराठी कळफलकावरून देवनागरी आकडे टंकत होते. [0-9] ला '९' दिसतच नाही! हा प्रश्न परदेशी पुस्तकांत सापडायचा नाही. आधी आकडे बदलून घेतले, की ते दिसतात:

```sql
translate(shera, '०१२३४५६७८९', '0123456789')
```

तरी माझं मत असं बनलं, की मोकळ्या मजकुरात एकेक नंबर वेचत बसू नये. तिथं भावाचं नाव असतं, आजार असतो, काय नाही? टेस्टरला हवी असते ती मजकुराची लांबी आणि देवनागरी लिपी. तेवढ्याच लांबीचा भलताच मराठी मजकूर भरून आम्ही तो रकाना मिटवला. स्कॅन केलेली कागदपत्रं तर प्रतीतून गाळलीच.

हे सगळं कुठं करायचं, यावर आमच्यात वाद झाला. प्रत चाचणीच्या सर्व्हरवर आणून तिथं मास्किंग करणं सोपं पडतं, पण मग मधले काही तास खरा डेटा तिथं पडून राहतो. म्हणून दोनच माणसांना प्रवेश असलेलं वेगळं यंत्र घेतलं. तिथून चाचणीकडे जाते ती pg_dump नं काढलेली फाइल. डेटाबेसच्या मूळ फायली उचलून नेत नाही, कारण पोस्टग्रेस ओळ बदलताना जुनी लगेच खोडत नाही, ती काही काळ फायलीत तशीच राहते. फाइल काढण्याआधी mob_map पुसायचं आणि एसएमएसच्या किल्ल्या रिकाम्या करायच्या. चाचणीच्या सर्व्हरवरून निघणारी मेल बाहेर न जाता एका पकडपेटीत पडते, तिथं टेस्टर ती वाचतो. हा दुसरा अडसर हवाच. नाहीतर हजारो मेल नसलेल्या पत्त्यांवरून परत येऊ लागतात आणि पाठवणाऱ्याचं खातं बदनाम होतं.

मास्किंग पुरं झालं का, हे पाहायला एक युक्ती आहे. काम सुरू करण्याआधी त्या मधल्या प्रतीत एक खोटा सभासद घालायचा आणि एकच ओळखीचा नंबर त्याच्या प्रत्येक रकान्यात, शेऱ्यात, जुन्या नोंदींत, शक्य त्या सगळ्या रूपांत लिहायचा. शेवटी तयार फाइलमध्ये तो शोधायचा. पहिल्या खेपेला तो एका अशा टेबलात सापडला, जे आहे हेच आम्ही विसरलो होतो: चुकीच्या लॉगिनची नोंद. लोक घाईत वापरकर्त्याच्या नावाच्या जागी मोबाइल नंबर टाकतात.

तोटेही सांगतो. नाव, गाव आणि जन्मतारीख प्रतीत तशीच असतील, तर नंबर बदलूनही माणूस ओळखता येतो. त्या रकान्यांचं काम वेगळं करावं लागतं. दुरुस्तीच्या फॉर्मला शून्यानं सुरू होणारा नंबर चालत नाही, त्यासाठी चाचणीपुरती सूट ठेवली आहे. आणि कुणी यादी एक्सेलमध्ये उघडली, की एक्सेल पुढची शून्यं गिळून नुसता 417 दाखवतं.

नव्या प्रतीवर त्याच मुलीनं नोंदवलेली पहिली तक्रार अशी होती: "0000002093 हा नंबर एकतीस सभासदांवर आहे. मास्किंग बिघडलं का?" बिघडलं नव्हतं. कोष्टक पुसलेलं, त्यामुळे खरा नंबर कोणता हे आम्हालाही सांगता येईना. पण सभासद क्रमांक बदललेले नव्हते. ते एकतीस क्रमांक व्यवस्थापकांना कळवले. त्यांनी आपल्या संगणकावर पाहिलं. एका दैनिक ठेव गोळा करणाऱ्या एजंटानं खाती उघडताना सगळीकडे स्वतःचाच मोबाइल लिहून ठेवला होता.