लाल पट्टी, पण कोणत्या वर्षाची?

मागच्या लेखाखाली एकाने विचारलं होतं की जुन्या नोंदींवर काम करताना सगळ्यात आधी काय तपासायचं. माझं उत्तर असं की नोंदीत जो निकाल लिहिलाय तो कोणत्या निकषाने दिला, हे आधी बघा. ते लिहिलेलं नसेल, तर पुढची सगळी आकडेमोड डळमळीत पायावर उभी राहते. नंदुरबारचं उदाहरण घेऊन सांगतो.

नंदुरबार म्हटलं की धडगाव, अक्कलकुवा, मोलगी, तोरणमाळ ही नावं आणि बालकुपोषण हे दोन्ही एकत्रच आठवतं. इथल्या अंगणवाडीत दर महिन्याला मुलांची मोजणी होते आणि प्रत्येक मुलाला एक निकाल मिळतो: साधारण, मध्यम कुपोषित (मॅम) किंवा तीव्र कुपोषित (सॅम). हा निकाल नुसता शब्द नाही. त्यावरून मूल ग्राम बाल विकास केंद्रात जाणार, पोषण पुनर्वसन केंद्रात जाणार की घरीच राहणार, हे ठरतं.

आता दंडाचा घेर बघा. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या डाव्या दंडाच्या मध्यावर पट्टी गुंडाळायची आणि रंग बघायचा. सोपं काम. पण पट्टीवर लाल रंग कुठे संपतो? जुन्या शाकिर पट्टीवर लाल म्हणजे १२५ मिलिमीटरपेक्षा कमी. पुढे तीव्र कुपोषणासाठी ११० ची सीमा वापरात आली. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी संयुक्त निवेदनात ती ११५ केली. म्हणजे रजिस्टरमध्ये नुसतं ‘लाल’ लिहिलं असेल, तर त्याचे तीन अर्थ निघू शकतात. निकष त्या पट्टीवरच छापलेला होता, आणि पट्टी झिजली की फेकली जाते. निकषही तिच्याबरोबर गेला.

यात काय बिघडतं ते एका कल्पित मुलावर बघू. धडगाव तालुक्यातलं चौदा महिन्यांचं मूल. ऑक्टोबरमध्ये दंडघेर ११२ मिमी. केंद्रावर ११० ची पट्टी आहे, म्हणून निकाल मॅम. मग आईवडील ऊसतोडीला गुजरातेत जातात, मूलही जातं. फेब्रुवारीत परत आल्यावर मोजमाप ११३ मिमी. मधल्या काळात केंद्रावर ११५ ची पट्टी आलेली असते, म्हणून निकाल सॅम.

रजिस्टरमध्ये फक्त निकाल असतील, तर त्यातून काय वाचाल? ‘स्थलांतरामुळे मूल मॅममधून सॅममध्ये घसरलं.’ अशी वीस मुलं सापडली की एक प्रकरण लिहून होईल, आणि ते चुकीचं असेल. प्रत्यक्षात घेर एका मिलिमीटरने वाढलाय, म्हणजे जवळपास तेवढाच आहे. दोन वेळच्या मापात इतका फरक पट्टी धरण्यातूनही पडतो. बदलली ती सीमा. दुसरी बाजू सेविका ताईंची. उद्या तपासणीला कुणी आलं आणि विचारलं, ‘११२ चं मूल ऑक्टोबरमध्ये दाखल का केलं नाही?’ तर त्या दिवशीच्या पट्टीप्रमाणे त्यांनी बरोबर केलं होतं, हे दाखवायला त्यांच्याकडे कागद नाही.

वजनाचंही तसंच. पूर्वी आयसीडीएसमध्ये इंडियन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सचं वर्गीकरण चालायचं. वयाच्या मानाने अपेक्षित वजनाच्या ८० टक्क्यांच्या वर असेल तर साधारण, मग त्याखाली चार श्रेणी, आणि ६० टक्के किंवा त्याखाली आलं की गंभीर. जागतिक आरोग्य संघटनेची नवी वाढमानकं एप्रिल २००६ मध्ये आली, आणि २००८ च्या सुमारास आयसीडीएसने ती स्वीकारायला सुरुवात केली. त्यात टक्के नाहीत, मध्यापासूनचं प्रमाणित अंतर आहे. एक वर्षाचा मुलगा, वजन ६.८ किलो, असं धरा. जुन्या तक्त्यात अपेक्षित वजन साधारण १० किलो, म्हणजे हा ६८ टक्क्यांवर, श्रेणी दोन, गंभीर नाही. नव्या तक्त्यात एक वर्षाच्या मुलाची उणे तीनची रेषा ६.९ किलोवर आहे. त्यामुळे तोच मुलगा तीव्र कमी वजनाचा ठरतो.

‘मग तारखेवरून निकष ओळखू की,’ असं तुम्ही म्हणाल. तिथेच फसायला होतं. निवेदन निघतं एका तारखेला, राज्याचा आदेश दुसऱ्या तारखेला, आणि दुर्गम पाड्यावर नवी पट्टी पोहोचते त्याहून उशिरा. एकाच महिन्यात शेजारच्या दोन केंद्रांवर दोन निकष चालू असू शकतात. म्हणून निकषाची आवृत्ती प्रत्येक निकालाच्या ओळीतच लिहावी लागते. प्रबंधाच्या पद्धती प्रकरणात एकदा सांगून भागत नाही.

मी दोन तक्ते ठेवतो. पहिल्यात निकष:

```
criteria_id,rule
MUAC110,SAM if muac_mm < 110
MUAC115,SAM if muac_mm < 115
```

दुसऱ्यात निकाल:

```
child,date,muac_mm,criteria_id,verdict
C07,2009-10-12,112,MUAC110,MAM
C07,2010-02-15,113,MUAC115,SAM
C07,2009-10-12,112,MUAC115,SAM
```

तिसरी ओळ नीट बघा. ऑक्टोबरचं मोजमाप मी नव्या निकषाने पुन्हा तपासलं, पण पहिली ओळ खोडली नाही. दोन्ही ओळी वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. त्या दिवशीचा निर्णय त्या दिवशीच्या नियमाने बरोबर होता का, याचं उत्तर पहिली ओळ देते. मूल खरंच घसरलं का, हे बघायचं तर दुसरी आणि तिसरी ओळ शेजारी ठेवायच्या, कारण त्यांचा निकष एक आहे. दोन्हीकडे सॅम, म्हणजे घसरण नाही. प्रत्यक्ष वापरात मी आणखी एक रकाना ठेवतो: ही ओळ कुणी आणि कधी लिहिली. नाहीतर तिसरी ओळ ऑक्टोबरमध्येच लिहिली गेली असं कुणालाही वाटेल.

हे सगळं जमतं ते मिलिमीटरचा आकडा लिहिला असेल तरच. आकडा असला की कोणताही निकष पुन्हा लावता येतो. नुसता रंग असला तर लावता येत नाही. अशा जुन्या ओळींत `criteria_id` च्या जागी ‘अज्ञात’ लिहा. तारखेवरून अंदाजाने भरू नका, कारण भरलेला अंदाज पुढच्या माणसाला नोंदच वाटतो.

दुसऱ्याचा डेटा हाती आला आणि त्यात आवृत्तीच नसली, तर एक चाचणी करा. महिनावार सॅमची संख्या काढा आणि शेजारी दंडघेराचा महिनावार मध्यक ठेवा. संख्या एकदम उडी मारते आणि मध्यक जागचा हलत नाही, असा महिना दिसला तर आधी निकषावर संशय घ्या. मग ११० ते ११४ मधली मुलं वेगळी काढा. त्या महिन्याआधी ती सगळी मॅम आणि नंतर सगळी सॅम असतील, तर सीमा तिथेच बदलली.

आवृत्ती लिहिली म्हणून माप बरोबर ठरत नाही, एवढं लक्षात असू द्या. पट्टी सैल धरली किंवा आकडे ११० आणि ११५ वरच गोळा होत असतील, तर तो वेगळा दोष आहे आणि तो वेगळाच शोधावा लागतो. आवृत्तीमुळे एवढंच कळतं की बदललं ते मूल की नियम. नंदुरबारच्या नोंदींवर काम करणार असाल, तर पहिल्या दिवशी केंद्रावर जाऊन जुनी पट्टी कुठे अडगळीत पडली आहे का ते विचारा, आणि मिळाली तर फोटो काढून ठेवा.