क्लॉक मंद केल्यावरही न जाणारी चूक

फ्लिप-फ्लॉप हे एक बिट, म्हणजे एक शून्य किंवा एक, साठवून ठेवणारे सर्किट. त्याला दोन मुख्य तारा जोडलेल्या असतात. एकीवरून डेटा येतो, दुसरीवरून क्लॉक. क्लॉक म्हणजे ठरावीक वेळाने खाली-वर होत राहणारा विजेचा दाब. तो खालून वर जातो त्या क्षणाला चढती कडा म्हणतात. त्या क्षणी डेटाच्या तारेवर जे असेल ते फ्लिप-फ्लॉप टिपून घेते आणि पुढची कडा येईपर्यंत धरून ठेवते. मधल्या काळात डेटा कितीही बदलला तरी बाहेर दिसणारे बिट बदलत नाही.

मात्र ‘त्या क्षणी’ हे शब्द पूर्ण खरे नाहीत. फ्लिप-फ्लॉपच्या पोटात दोन लॅच एकापाठोपाठ जोडलेले असतात. क्लॉक खाली असताना पहिल्याचे दार उघडे असते आणि डेटा आत शिरत असतो. कडा आली की ते दार मिटते आणि आत आलेले बिट दुसऱ्या लॅचकडे जाते. दार म्हणजे शेवटी ट्रान्झिस्टरच, आणि त्याला मिटायला थोडा वेळ लागतो. आतल्या बिंदूवरचा विजेचा दाब पुरता वर किंवा पुरता खाली जाऊन बसायलाही वेळ लागतो. म्हणून कडेच्या आधी काही काळ डेटा स्थिर असावा लागतो. हा सेटअप टाइम. कडेनंतरही दार नीट मिटेपर्यंत तो स्थिर राहावा लागतो. हा होल्ड टाइम. कॉलेजांच्या प्रयोगशाळांत वर्षानुवर्षे वापरल्या गेलेल्या 74LS74 या चिपच्या माहितीपत्रकात हे दोन आकडे 20 नॅनोसेकंद आणि 5 नॅनोसेकंद असे दिलेले आहेत. आजच्या प्रोसेसरमधले फ्लिप-फ्लॉप याच्या शेकडो पट चपळ असतात, पण दोन्ही अटी तशाच लागू राहतात.

क्लॉकच्या वेगाचा संबंध पहिल्या अटीशी आहे. समजा, फ्लिप-फ्लॉप ‘अ’ मधून निघालेले बिट काही गेटमधून, म्हणजे बेरीज-तुलना करणाऱ्या सर्किटमधून जाऊन फ्लिप-फ्लॉप ‘ब’ पर्यंत पोचते. कडा आल्यावर ‘अ’ चे नवे बिट बाहेर यायला 100 पिकोसेकंद लागतात (1000 पिकोसेकंदांचा एक नॅनोसेकंद), गेटमधून जायला 820 आणि ‘ब’ चा सेटअप टाइम 60. एकूण 980 पिकोसेकंद. पुढची कडा येईपर्यंत हा सगळा प्रवास उरकला पाहिजे. 1 गिगाहर्ट्झच्या क्लॉकच्या दोन कडांमध्ये 1000 पिकोसेकंद असतात, म्हणजे 20 पिकोसेकंद हाताशी उरतात. क्लॉक 1.1 गिगाहर्ट्झ केला की दोन कडांमध्ये 909 पिकोसेकंदच मिळतात आणि 71 कमी पडतात. क्लॉक न वाढवताही हे घडू शकते. चिप तापली किंवा तिला मिळणारा विजेचा दाब उतरला आणि सगळे विलंब दहा टक्क्यांनी वाढले, तर तोच प्रवास 1078 पिकोसेकंदांचा होतो, आणि काल 1 गिगाहर्ट्झवर नीट चालणारे यंत्र आज चुकते.

चुकते म्हणजे नेमके काय होते, हे आठ बिटांच्या साध्या बेरीज-सर्किटात स्पष्ट दिसते. 127 मध्ये 1 मिळवायचा आहे. 127 म्हणजे 01111111. सर्वांत खालच्या बिटातून निघालेला हातचा एकेक घर चढत सर्वांत वरच्या बिटापर्यंत जायला हवा, तेव्हा उत्तर 10000000, म्हणजे 128 येते. हातचा शेवटच्या घरात पोचण्याआधीच कडा आली, तर खालची सात घरे शून्य झालेली असतात आणि वरचे अजून शून्यच असते. फ्लिप-फ्लॉप 128 ऐवजी 0 टिपून घेतात. त्याच सर्किटात 4 अधिक 2 ही बेरीज बिनचूक येते, कारण तिथे हातचा निर्माणच होत नाही. सेटअपची चूक अशी ठरावीक आकड्यांवर, ठरावीक तापमानाला डोके वर काढते. म्हणूनच ती शोधताना माणूस मेटाकुटीला येतो.

डेटा नेमका या नाजूक खिडकीत बदलला तर आणखी वाईट गोष्ट घडू शकते. पहिल्या लॅचमधला दाब ना शून्याकडे ना एककडे, असा अधांतरी अडकतो. याला मेटास्टेबिलिटी म्हणतात. काही वेळाने तो एका बाजूला कलतो, पण कोणत्या आणि कधी, याचा भरवसा नसतो.

सेटअपची चूक क्लॉक मंद केल्याने जाते, कारण प्रवासाला जास्त वेळ मिळतो. होल्डची चूक तशी जात नाही. इथे शर्यत एका कडेची पुढच्या कडेशी नसते, ती एकाच कडेच्या दोन प्रतींमध्ये असते. ‘अ’ आणि ‘ब’ यांच्यामध्ये एकही गेट नाही, फक्त लहानशी तार आहे असे समजा. ‘अ’ चे नवे बिट 80 पिकोसेकंदांत ‘ब’ च्या दाराशी येते. पण क्लॉकची तार लांबून फिरून आल्याने ‘ब’ कडे तीच कडा 150 पिकोसेकंद उशिरा पोचते. या फरकाला क्लॉक स्क्यू म्हणतात. ‘ब’ चा होल्ड टाइम 30 असेल तर जुने बिट 180 व्या पिकोसेकंदापर्यंत टिकायला हवे होते, पण ते 80 लाच पुसले गेले. ‘ब’ मग नवे बिट टिपतो आणि जुने कायमचे हरवते. या हिशेबात दोन कडांमधला काळ कुठेही आलेला नाही. क्लॉक सेकंदाला एकदाच वाजला तरी निकाल हाच राहील.

फ्लिप-फ्लॉपांची नुसती रांग, म्हणजे शिफ्ट रजिस्टर, या चुकीला सर्वांत लवकर बळी पडते. रांगेत एका कडेला एक बिट एक घर पुढे सरकायला हवे. होल्ड मोडला तर ते एकाच कडेत दोन घरे ओलांडते. चार घरांच्या रांगेत घातलेली बिटे चौथ्याऐवजी तिसऱ्याच कडेला बाहेर येऊ लागतात, जणू एक घर नाहीसेच झाले आहे. चिप तपासण्यासाठी तिच्यातले हजारो फ्लिप-फ्लॉप अशाच रांगेत जोडतात, त्यामुळे तिथे ही काळजी सर्वांत जास्त घ्यावी लागते.

दोन्ही दुखण्यांचे उपाय एकमेकांच्या उलट आहेत. सेटअपसाठी वाट आखूड करतात, वेगवान गेट वापरतात किंवा मध्ये आणखी एक फ्लिप-फ्लॉप बसवून काम दोन कडांत वाटतात. होल्डसाठी वाट मुद्दाम लांबवतात. वरच्या उदाहरणात 60 पिकोसेकंदांचे दोन बफर घातले की नवे बिट 200 ला पोचते आणि जुने सुरक्षित राहते. म्हणून रचना तपासताना सेटअप सर्वांत मंद परिस्थितीत पाहतात आणि होल्ड सर्वांत चपळ परिस्थितीत, म्हणजे विजेचा दाब जास्त असताना.

तयार चिपवर सेटअपची चूक सापडली तर तिला कमी वेगाची म्हणून विकता येते, किंवा दाब थोडा वाढवून गेट चपळ करता येतात. क्लॉक निम्म्यावर आणूनही चूक तशीच राहिली आणि बिटे एक कडा लवकर येत असतील, तर संशय होल्डवर घ्यावा. हवे ते बफर आता त्या सिलिकॉनवर चढवता येत नाहीत, त्यासाठी रचना सुधारून चिप पुन्हा बनवावी लागते.