नाकारलेली फाईल, अर्धवट आलेला माल

भोसरीतला पंप बनवणारा एखादा मध्यम कारखाना घ्या. त्याला कोल्हापूरजवळच्या शिरोलीतल्या एका फाउंड्रीकडून ५०० कास्टिंग हवी आहेत. कारखान्यात ईआरपी बसवायचं ठरलं आहे, म्हणजे खरेदी, साठा, उत्पादन आणि हिशेब हे सगळं एकाच संगणकप्रणालीत येणार आहे. पहिल्या बैठकीत फळ्यावर एक सरळ रेघ उमटते: मागणी, मंजुरी, ऑर्डर, माल, बिल, पैसे. सगळ्यांच्या माना डोलतात. स्टोअरमधल्या माणसाला मात्र ही रेघ ओळखीची वाटत नाही. त्याच्या दारात ५०० कास्टिंगचा ट्रक क्वचितच येतो. ३२० येतात, त्यातली १२ क्वालिटीवाले बाजूला काढतात, आणि उरलेली कधी येणार हे फोनवर कळतं.

ईआरपीचा आराखडा सरळ रेघेवरून बनला की अशा गोष्टी प्रणालीबाहेर, वहीत आणि एक्सेलमध्ये राहतात. त्या आधीच कागदावर आणण्यासाठी बीपीएमएन ही चित्रभाषा उपयोगी पडते. तिची पहिली आवृत्ती २००४मध्ये निघाली. आज वापरात असलेली दुसरी आवृत्ती ओएमजी या संस्थेने २०११मध्ये प्रसिद्ध केली आणि २०१३मध्ये ती आयएसओचं प्रमाण बनली. आयत म्हणजे काम. चौकट कोनावर उभी केली की गेटवे, म्हणजे वाट फुटण्याची किंवा वाटा एकत्र येण्याची जागा. वर्तुळ म्हणजे इव्हेंट, घडणारी गोष्ट: एका बारीक रेघेचं वर्तुळ सुरुवातीचं, दुहेरी रेघेचं मधलं, जाड रेघेचं शेवटचं. चित्र वाचताना एक टोकन बाणांवरून पुढे सरकतंय अशी कल्पना करायची. ते टोकन कुठे अडकतं, कुठे हरवतं आणि कुठे एकाची दोन होतात, हे पाहणं हीच या चित्राची खरी परीक्षा.

आधी मंजुरी पाहू.

बहुतेक जण मंजुरीनंतर एक गेटवे काढतात, ‘मंजूर?’ असा प्रश्न लिहितात आणि ‘नाही’चा बाण सुरुवातीला नेऊन जोडतात. इथे दोन गोष्टी निसटतात. एक म्हणजे गेटवे स्वतः निर्णय घेत नाही. निर्णय आधीच्या कामात माणूस घेतो, गेटवे फक्त त्या निर्णयाप्रमाणे वाट दाखवतो. म्हणून गेटवेच्या आधी ‘खरेदीप्रमुख मागणी तपासतात’ असं काम आणि ते कोण करतं हे असायलाच हवं. दुसरं म्हणजे ‘नाही’ एकाच प्रकारचं नसतं. ‘ही खरेदीच नको’ हे एक उत्तर, ‘दुसरं कोटेशन जोडून परत पाठवा’ हे वेगळं. पहिल्यात मागणी संपते, दुसऱ्यात ती जिवंत राहते. म्हणजे फुलीच्या खुणेच्या गेटवेतून दोन नव्हे, तीन बाण निघतात.

दुरुस्त झालेली मागणी कुठे परत येते यालाही महत्त्व आहे. समजा ५० हजारांपर्यंत विभागप्रमुख मंजुरी देतो आणि त्यावरच्या रकमेला संचालक लागतो. परतीचा बाण थेट विभागप्रमुखाच्या टेबलावर आणला, तर ४५ हजारांची परत आलेली मागणी ७० हजारांची होऊनही त्याच्याच सहीने सुटते. बाण रक्कम तपासणाऱ्या गेटवेच्याही आधी यायला हवा. चित्रात हा फरक बोटभर अंतराचा असतो. ईआरपीत मात्र त्यातूनच ठरतं की कागद बदलल्यावर जुनी मंजुरी आपोआप रद्द होणार की तशीच चालणार.

तिसरं उत्तर म्हणजे गप्प बसणं. मंजुरी देणारा रजेवर आहे, फाईल पडून आहे. हे गेटवेने दाखवता येत नाही, कारण निर्णय झालेलाच नाही. त्यासाठी कामाच्या आयताच्या कडेवर घड्याळाचं चिन्ह असलेलं वर्तुळ बसवतात. वर्तुळ तुटक रेघेचं असेल तर काम चालू ठेवून बाजूने आठवण जाते. अखंड रेघेचं असेल तर ते काम तिथेच थांबतं आणि टोकन दुसऱ्या वाटेने, समजा वरिष्ठाकडे, जातं. ‘दोन दिवसांनी आठवण, पाचव्या दिवशी वरिष्ठांकडे’ हा नियम असा दोन वर्तुळांत नेमका मांडता येतो. मग विचारावं लागतं: पाचव्या दिवसानंतर मूळ माणसाने सही केली तर ती चालेल का? अखंड वर्तुळ सांगतं, नाही.

मंजुरीतली सगळ्यात महागडी चूक मात्र वेगळी आहे. खरेदी आणि हिशेब अशा दोन विभागांची मंजुरी एकाच वेळी हवी असते, म्हणून अधिकचं चिन्ह असलेला गेटवे काढून दोन वाटा करतात आणि पुढे तशाच गेटवेने त्या जोडतात. जोडणारा गेटवे दोन्ही बाजूंची टोकनं आल्याशिवाय पुढे सोडत नाही. हिशेब विभागाने नकार दिला आणि त्या नकाराचा बाण परस्पर शेवटच्या वर्तुळात गेला, तर खरेदीकडून आलेलं टोकन त्या गेटवेपाशी कायमचं थांबतं. कार्यालयात याचं लक्षण ओळखू येतं: नाकारलेली मागणी यादीत महिनोन्‌महिने ‘प्रलंबित’ दिसत राहते आणि कुणालाच ती हलवता येत नाही. उपाय साधा आहे. नकार असो वा होकार, दोन्ही टोकनं जोडणीपर्यंत आणायची आणि निकाल त्यानंतरच्या गेटवेवर पाहायचा. एका नकाराबरोबर दुसऱ्याचंही काम थांबवायचं असेल, तर भरीव वर्तुळ असलेला ‘टर्मिनेट’ शेवट वापरतात. पण तो त्या प्रक्रियेतली सगळी टोकनं पुसतो. मागणीसाठी बजेटमध्ये पैसे राखून ठेवले असतील, तर ते मोकळे करण्याचं काम त्याच्या आधी उरकलेलं असलं पाहिजे.

आता माल. ऑर्डर गेल्यावर कारखाना वाट पाहत असतो आणि पुढे काय होईल हे त्याच्या हातात नसतं. म्हणून इथे घटनांवर चालणारा गेटवे लागतो; त्याच्या चौकटीत वर्तुळ आणि वर्तुळात पंचकोन असतो. त्यातून तीन वाटा निघतात: चलान घेऊन माल आला, ठरलेली तारीख उलटली, किंवा फाउंड्रीने कळवलं की जमणार नाही. जी घटना आधी घडेल तिची वाट चालू होते, बाकीच्या दोन बंद होतात. तारीख उलटली तर खरेदीवाले फोन करून नवी तारीख घेतात आणि टोकन पुन्हा वाट पाहायला येतं.

पहिला ट्रक ३२० घेऊन आला. मोजणी झाली, क्वालिटीत १२ कास्टिंगमध्ये हवेची छिद्रं निघाली, ३०८ साठ्यात गेली. त्यानंतरच्या गेटवेवर प्रश्न असतो, ‘बाकी आहे का?’ हा प्रश्न अपुरा आहे. आलेला माल धरला तर बाकी १८०, स्वीकारलेला धरला तर १९२. पुढच्या ट्रकने १८० आले आणि सगळे पास झाले, तर ‘आलेला’ धरणारी प्रणाली ५०० पूर्ण समजून ऑर्डर बंद करते. हातात मात्र ४८८ असतात. हा खड्डा सापडतो थेट जुळणीच्या वेळी, बारा पंप अडून बसल्यावर. १२ कास्टिंग बदलून मिळणार असतील तर बाकी १९२ धरायला हवी. डेबिट नोट काढून विषय संपवायचा असेल तर १८० बरोबर. दोन्ही पद्धती चालतात, पण कुठली हे गेटवेवरच्या अक्षरांत लिहिलेलं असावं. शिवाय एक वाट बहुतेक चित्रांत नसतेच: उरलेला माल नकोच, ऑर्डर आहे तिथेच बंद. हा अधिकार कुणाचा हेही ठरलेलं हवं.

एवढं करूनही या चित्रात एक दोष उरतो आणि तो नवख्यांच्या सहसा लक्षात येत नाही. पहिला लॉट क्वालिटीत असतानाच दुसरा ट्रक दारात आला तर? एकुलतं टोकन क्वालिटीच्या कामात गुंतलेलं आहे. वाट पाहणाऱ्या गेटवेवर कुणीच नाही, म्हणजे चित्राच्या हिशेबाने त्या ट्रकला उतरवून घेणारं कुणी नाही. कारण ऑर्डर एक आणि लॉट अनेक, हे एका वळसा घेणाऱ्या टोकनात मावत नाही. म्हणून माल घेण्याची प्रक्रिया वेगळी काढायची. प्रत्येक चलानाबरोबर तिचं नवं टोकन जन्मतं, मोजणी आणि तपासणी उरकतं आणि स्वीकारलेला आकडा ऑर्डरच्या नोंदीत टाकून संपतं. ऑर्डरची प्रक्रिया फक्त बेरजेवर लक्ष ठेवते.

क्वालिटीच्या कामावरही घड्याळ लागतं आणि त्याचे दिवस कायद्यातून येतात. फाउंड्री सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेली असेल तर २००६चा एमएसएमईडी कायदा लागू होतो. माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही तर माल स्वीकारला असं मानलं जातं, आणि लेखी करारातही पैसे देण्याची मुदत ४५ दिवसांपेक्षा लांबवता येत नाही. तेव्हा तपासणीच्या आयतावर दहाव्या दिवसाचं तुटक वर्तुळ लावावं आणि त्यातून क्वालिटीप्रमुखाला इशारा जावा. बिलाच्या वाटेवरही असाच एक गेटवे आहे: बिल लॉटचं की पूर्ण ऑर्डरचं? एकाच बिलावरचा माल हप्त्यांनी येत असेल, तर जीएसटी कायद्याच्या कलम १६प्रमाणे इनपुट टॅक्स क्रेडिट शेवटचा हप्ता मिळाल्यावरच घेता येतं. हे हिशेबवाल्यांना पाठ असतं, पण स्टोअरचं चित्र काढताना त्यांना सहसा कुणी बोलावत नाही.

चित्र झालं की त्यावर मागच्या वर्षीच्या खऱ्या फायली चालवाव्यात: एक नाकारलेली, एक तुकड्यांत आलेली, एक अर्ध्यावर बंद केलेली. स्टोअर, क्वालिटी, खरेदी आणि हिशेब या चौघांनी टेबलाभोवती बसून टोकन हाताने सरकवायचं. ईआरपी विकणाऱ्याच्या प्रात्यक्षिकातही तयार नमुन्यांऐवजी हेच आकडे भरायला सांगावं आणि दुसऱ्या लॉटनंतर बाकीच्या रकान्यात १२ दिसतात की शून्य, ते पाहावं.

प्रत्येक अडचणीला आकृतीत जागा द्यायची नसते. रकमेच्या मर्यादा, जास्त आलेला माल किती टक्क्यांपर्यंत घ्यायचा, असे नियम वेगळ्या तक्त्यात ठेवले की आकृती वाचता येते आणि नियम बदलला तरी बाण हलवावे लागत नाहीत. पुरवठादाराचा कारखाना बंद पडणं, वाटेत ट्रकला अपघात होणं अशा वर्षानुवर्षांत एखाद्या वेळी घडणाऱ्या गोष्टींसाठी स्वतंत्र स्क्रीन बनवून घेणं परवडतही नाही. तिथे कामाच्या आयताशेजारी एक टीप आणि निस्तरणाऱ्या टेबलाचं नाव एवढं पुरतं.