‘ग्राउंड’ म्हणजे जमीन नव्हे

इथल्या एखाद्या पंपाचे माहितीपत्रक संगणकाने मराठीत उतरवलेले असते आणि ‘जरा नजरेखालून घाला’ म्हणून ते तुमच्यासारख्या मराठी जाणणाऱ्याकडे येते. अशा वेळी लगेच एकेक वाक्य सुधारायला बसू नका. आधी शब्दांची यादी करा: कोणते वापरायचे आणि कोणते मुळीच वापरायचे नाहीत.

कारण एका वाक्यातच दिसेल. ‘ग्राउंड द मोटर बिफोर कनेक्टिंग द लाइव्ह वायर’ याचे यांत्रिक भाषांतर असे येऊ शकते: ‘जिवंत तार जोडण्यापूर्वी मोटर जमिनीवर ठेवा.’ व्याकरण निर्दोष आहे, म्हणूनच नजर त्यावरून घसरते. पण वाचणारा मोटर खाली ठेवील आणि अर्थिंग न करताच वीज जोडील. आतल्या वायरचे आवरण खराब झाले, की मोटरच्या बॉडीत करंट उतरतो. अर्थिंग असेल तर तो त्या वायरीने निघून जातो आणि फ्यूज उडतो. नसेल तर हात लावणाऱ्याच्या अंगातून जातो.

यादीत पाच रकाने ठेवा: इंग्रजी शब्द, त्याचा इथला अर्थ, मंजूर शब्द, निषिद्ध शब्द आणि कारण. ‘ग्राउंड’पुढे मंजूर ‘अर्थिंग’, निषिद्ध ‘जमीन’. ‘लाइव्ह वायर’पुढे मंजूर ‘फेजची वायर’, निषिद्ध ‘जिवंत तार’ आणि ‘थेट तार’. ‘भूसंपर्कन’ हा शब्द शुद्ध आहे, पाठ्यपुस्तकात शोभतो. पण गावचा वायरमन अर्थिंगच म्हणतो आणि पत्रक त्याच्यासाठी आहे. म्हणून इथे तोही निषिद्ध. आपले वाक्य झाले: ‘फेजची वायर जोडण्याआधी मोटरला अर्थिंग करा.’

आता मराठीची खास अडचण. संगणकाला ‘जमीन’ शोधायला सांगितले, तर ‘जमिनीवर’ सापडत नाही, कारण प्रत्यय लागताच दीर्घ ‘मी’चा ऱ्हस्व ‘मि’ होतो. म्हणून निषिद्ध रकान्यात ‘जमिनी’ हे सामान्यरूपही लिहा. उलट ‘पंप सपाट जमिनीवर बसवा’ हे वाक्य बरोबरच आहे. तिथे बंदी लावली तर चांगले वाक्य बिघडेल. यासाठीच अर्थाचा रकाना हवा: ‘ग्राउंड, विजेच्या संदर्भात’.

शेवटी उलट बाजूनेही तपासा. इंग्रजीत विजेच्या अर्थाने ‘ग्राउंड’ किंवा ‘अर्थ’ जिथे जिथे आहे, तिथल्या मराठी वाक्यात ‘अर्थिंग’ आहे का, ते पाहा. यंत्राने तिसराच शब्द योजला किंवा सूचनाच गाळली, तर निषिद्ध शब्दांच्या शोधात ते कधीच सापडणार नाही. या तपासणीत सापडते.

पहिल्या दिवशी तीस-चाळीस शब्द पुरेत. मात्र सुरुवात जिवाशी गाठ असलेल्या शब्दांपासून करा आणि छपाईआधी ती यादी एखाद्या वायरमनला मोठ्याने वाचून दाखवा. तो जिथे ‘म्हणजे काय?’ विचारील, तो शब्द बदला.