बीजीएमआयची कॉलेज टूर्नामेंट घ्यायचीय? भांडणं रूम कोड आणि पॉइंटवरून होतात, ती अशी टाळा

समजा, कडेगावच्या कॉलेजातल्या पोरांनी रविवारी बीजीएमआयची टूर्नामेंट ठरवली. चार-चार जणांचे 8 स्क्वॉड, म्हणजे 32 खेळाडू. कोणी कडेगावातून, कोणी देवराष्ट्रेतून, कोणी विट्याहून आपापल्या घरी बसून खेळणार. गेम सगळ्यांना येतो. तरीही पहिल्या मॅचनंतर ग्रुपवर राडा होतो, कारण नियम आधी लिहिलेले नसतात.

रूम म्हणजे नक्की काय?

नेहमीच्या मॅचमध्ये समोर अनोळखी लोक येतात. फक्त आपल्याच लोकांमध्ये खेळायचं तर कस्टम रूम लागते. ती उघडायला आयोजकाकडे रूम कार्ड असावं लागतं. रूम तयार झाली की तिला आयडी मिळतो आणि आयोजक पासवर्ड ठेवतो. हे दोन्ही ज्याच्याकडे, तो आत.

गडबड इथंच होते. आयडी-पासवर्ड सकाळीच मोठ्या ग्रुपवर टाकला, तर तो फॉरवर्ड होत बाहेर जातो आणि 32 ऐवजी 40 जण आत शिरतात. म्हणून फक्त 8 कॅप्टनचा वेगळा ग्रुप करा. मॅचच्या 15 मिनिटं आधी पासवर्ड तिथंच द्या आणि प्रत्येक मॅचला तो बदला.

दुसरी गोष्ट स्लॉटची. आदल्या दिवशीच प्रत्येक टीमला स्लॉट नंबर द्या आणि चारही खेळाडूंची गेममधली नावं व कॅरेक्टर आयडी लिहून घ्या. यादीत नसलेलं नाव रूममध्ये दिसलं, तर आयोजक त्याला बाहेर काढू शकतो. नाव बदलता येतं, पण आयडी तोच राहतो. त्यामुळे ऐनवेळी बाहेरचा तगडा प्लेयर घुसवला, तर आयडीवरून कळतं.

पॉइंट कसे मोजायचे?

एकाच मॅचवर विजेता ठरवू नका. झोन कुठं येईल हा नशिबाचा भाग असतो, तीन मॅचमध्ये तो बराच कमी होतो. एक मॅच साधारण अर्धा तास चालते, म्हणजे मधल्या वेळेसह दोन तासांत काम होतं.

मोठ्या स्पर्धांमध्ये वापरली जाणारी पद्धत इथंही चालते. पहिल्या नंबरला 10, मग क्रमाने 6, 5, 4, 3, 2 आणि सातव्या-आठव्याला 1-1. शिवाय प्रत्येक किलला 1 पॉइंट.

आता ही दोन टीमची गोष्ट बघा. पहिली टीम तीन मॅचमध्ये पहिली, पाचवी आणि तिसरी आली. किल अनुक्रमे 4, 3 आणि 2. म्हणजे 14, 6 आणि 7, एकूण 27. दुसरी टीम तिसरी, दुसरी आणि सातवी आली. किल 7, 5 आणि 3. म्हणजे 12, 11 आणि 4, एकूण पुन्हा 27!

जिंकलं कोण? दुसरी टीम म्हणणार, "आमचे किल 15, तुमचे 9." पहिली म्हणणार, "चिकन डिनर आमचं." दोघांचंही बरोबर वाटतं. म्हणून टाय झाल्यास आधी कोणाचे चिकन डिनर जास्त ते बघायचं, हा नियम मॅचच्या आधी लिहिलेला हवा. तसं असेल तर पहिली टीम जिंकते आणि विषय संपतो. प्रत्येक मॅचनंतर कॅप्टनने रिझल्टचा स्क्रीनशॉट 10 मिनिटांत टाकायचा, हेही ठरवा.

नेट गेलं तर?

एका प्लेयरचं नेट गेलं तर मॅच थांबत नाही. मात्र पहिल्या पाच मिनिटांत निम्म्याहून जास्त खेळाडू बाहेर फेकले गेले, तर मॅच पुन्हा, असा आकडा ठरवून ठेवा. नाहीतर हरणाऱ्या प्रत्येक टीमचं नेट जातं.

दोन टीमनी संगनमताने एकमेकांना न मारणं, म्हणजे टीमिंग, पकडायला आयोजकाने स्वतः न खेळता प्रेक्षक म्हणून रूममध्ये थांबावं. दोन टीम जवळ असूनही गोळी झाडत नसतील, तर स्क्रीन रेकॉर्ड करून ठेवा.

एन्ट्री फी घ्यायची का?

नाही. "प्रत्येकी 50 रुपये काढू, जिंकेल त्याला सगळे" हे साधं वाटतं, पण पैसे भरून पैसे जिंकण्याच्या आशेने खेळलेला ऑनलाइन गेम कौशल्याचा असला तरी 2025 च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यात 'मनी गेम' ठरतो. या कायद्याला 22 ऑगस्ट 2025 रोजी राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. असा गेम चालवणाऱ्याला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 1 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. ई-स्पोर्ट्सला सूट आहे, पण त्यासाठी मान्यता आणि नोंदणी लागते. मित्रांच्या स्पर्धेकडे ती नसते.

त्यामुळे प्रवेश फुकट ठेवा. बक्षीस म्हणून एखादी ट्रॉफी द्या, तिचा खर्च कॉलेजने किंवा ओळखीच्या दुकानदाराने उचलला तर उत्तम. खेळाडू 18 वर्षांखालचा असेल, तर घरी विचारूनच त्याचं नाव घ्या.




थोडक्यात, शनिवारी रात्री कॅप्टनच्या ग्रुपवर चार गोष्टी पिन करा: स्लॉटची यादी, पॉइंटचा तक्ता, टायचा नियम आणि मॅच पुन्हा कधी होईल तो आकडा. रविवारी वाद निघाला, तर बोट त्या मेसेजकडे दाखवायचं.